आरएनएचं टोक हेअरपिनपाशी, पण रो बंद केला की वाचन पुढे जातं: हे टर्मिनेशन नक्की कुठलं?

मृण्मयी_प

नमस्कार. ई. कोलायमधल्या एका छोट्या ऑपेरॉनवर माझं काम चालू आहे. अ‍ॅडॅप्टर जोडून शेवटच्या जीनच्या एमआरएनएचं थ्री प्राइम टोक काढलं. स्टॉप कोडॉनच्या थोडं पुढे एक नीटस हेअरपिन आहे, आणि जवळजवळ सगळे रीड्स तिच्या लगेच खाली संपतात. आमच्या गाईडचं म्हणणं, "हे सरळ इंट्रिन्सिक आहे, लिहून टाक."

पण सोबतीला म्हणून रो हे प्रथिन अडवणारं बायसायक्लोमायसिन देऊन एक क्यूपीसीआर केला होता. हेअरपिनच्या साधारण दोनशे बेस पुढे प्रायमर ठेवले होते. औषध दिल्यावर तिथला सिग्नल कितीतरी पट वाढला. इंट्रिन्सिकला रो लागतच नाही, मग रो अडवल्यावर एवढा फरक का पडावा? दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी ठेवून कुणी समजावेल का? पाठ्यपुस्तकातला तक्ता मला पाठ आहे, त्यानं हे सुटत नाहीये.

सूक्ष्मदर्शी

गाईड बरोबर आहेत. जीसीने भरलेली हेअरपिन आणि तिच्यामागे यूंची रांग, म्हणजे इंट्रिन्सिक. रोचं काम हेअरपिन नसते तिथे. बायसायक्लोमायसिन हे शेवटी अँटिबायोटिक आहे, पेशीत सगळीकडेच गोंधळ होतो. कुठल्या तरी शेजारच्या प्रमोटरवरून ट्रान्स्क्रिप्शन वाहत येऊन तुझ्या प्रायमरपर्यंत पोचलं असेल. त्या एका क्यूपीसीआरवर फार विसंबू नकोस.

बारावी_बायो

मला वाटत होतं स्टॉप कोडॉन आला की थांबतं. तो पुरत नाही का?

सूक्ष्मदर्शी

@बारावी_बायो, स्टॉप कोडॉनवर रायबोसोम थांबतो. आरएनए पॉलिमरेजला त्याचा पत्ताही नसतो, तो डीएनएवर पुढे चालतच राहतो. इथे चर्चा त्याला थांबवण्याची आहे.

जुना_बाक

मृण्मयी, तुझ्या हेअरपिनच्या मागे यू किती आहेत, ते लिहिलं नाहीस. माझा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

मृण्मयी_प

काका, स्टेम आठ जोड्यांचा. त्यानंतर एक ए, मग सलग चार यू, आणि पुढे परत ए-सी मिसळलेलं.

जुना_बाक

वाटलंच. मग तुझ्या प्रश्नाचा जुळा भाऊ साहित्यात फार आधीपासून आहे: ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन. त्याच्यात दोन्ही यंत्रणा एकाच एमआरएनएवर भेटतात, म्हणून तुलनेसाठी मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. सवडीने लिहितो, लांबेल.

या ऑपेरॉनमध्ये दोन हेअरपिन बघण्यासारख्या आहेत. एक अगदी सुरुवातीला, लीडरमध्ये, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर, खाली trp a. दुसरी अगदी शेवटी, trpA हा शेवटचा जीन संपल्यावर ३६ बेसांनी. तिला trp t म्हणतात.

```
trp a   AGCCCGC  CUAAUGA GCGGGCU  UUUUUUU
trp t   GCCGCCAG UUCCG   CUGGCGGC AUUUUAAC
```

स्टेम दोन्हीकडे दणकट आहे, उलट trp t चा एका जोडीने मोठाच. पण शुद्ध पॉलिमरेज घेऊन नळीत ट्रान्स्क्रिप्शन चालवलं, की अ‍ॅटेन्युएटरवर जवळजवळ सगळे पॉलिमरेज थांबतात आणि trp t वर चारातला एक. फरक हेअरपिनच्या मागे आहे.

पॉलिमरेजच्या पोटात आरएनए आणि डीएनए यांची नऊ-दहा जोड्यांची पट्टी असते. सगळं कॉम्प्लेक्स धरून ठेवण्यात तिचा मोठा वाटा आहे. यूंच्या रांगेवर पॉलिमरेज अडखळतो. तेवढ्या सवडीत मागे हेअरपिन वळते आणि पट्टीच्या मागच्या टोकाच्या दोन-तीन जोड्या उसवते. उरतात त्या आरएनएचा यू आणि डीएनएचा ए यांच्या जोड्या, आणि त्या सगळ्यांत कमकुवत. आरएनए निसटतो. अ‍ॅटेन्युएटरकडे सलग आठ यू आहेत (त्यातला पहिला स्टेममध्ये जोडला जातो), म्हणून तिथे हे जमून येतं. trp t कडे चारच, त्यांच्याआधी एक ए घुसलेला आणि नंतर लगेच ए-ए-सी. पट्टी तग धरते, अडखळणंही थोडकं, आणि हेअरपिन पूर्ण वळूनही पॉलिमरेज पुढे निघून जातो.

म्हणून मी आधी यू मोजतो, स्टेमची ऊर्जा नंतर.

नेट_देतोय

चारातला एकच थांबत असेल तर उरलेले तीन कुठे जातात? शेवटाला गळती असून ऑपेरॉन चालतो कसा?

जुना_बाक

तेच पुढे येतंय. ते trp t ओलांडून साधारण अडीचशे बेस जातात आणि तिथे रो त्यांना उतरवतो. ती जागा trp t′. १९८१ साली टेरी प्लॅट यांच्या गटाने ही एकामागे एक असलेली जोडी दाखवली.

आता रोच्या बाजूने बघा. रो म्हणजे सहा एकसारख्या प्रथिनांचं कडं. १९६९ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी लॅम्डा फाजवर काम करताना ते शोधलं. त्याला बसायला आरएनएचा सत्तर-ऐंशी बेसांचा मोकळा पट्टा लागतो, सी जास्त आणि जी कमी असलेला, फारशा घड्या नसलेला, आणि ज्यावर रायबोसोम चालत नाहीये असा. trpA चालू असेपर्यंत रायबोसोम आरएनए झाकून असतात. स्टॉप कोडॉननंतर आरएनए उघडा पडतो. पण trp t फक्त ३६ बेसांवर आहे, तिथवर रोला पुरेशी जागाच मिळत नाही. शिवाय हेअरपिन म्हणजे घडी, ती त्याला नकोशी. तिच्या पुढचा पट्टा मात्र जी-कमी आणि पसरट आहे. trp t′ च्या पहिल्या थांब्याच्या सुमारे ६० बेस मागे रोला लागणारा भाग केंद्रित आहे, हे १९८८ मध्ये याच गटाने दाखवलं.

म्हणजे इंट्रिन्सिकमध्ये 'थांब' म्हणणारा भाग आणि थांबण्याची जागा चिकटून असतात, सगळा खेळ तीस-चाळीस बेसांत. रोमध्ये रो चढतो एका ठिकाणी आणि पॉलिमरेज उतरतो दुसऱ्याच ठिकाणी, तेही एका ठरलेल्या बेसवर नाही तर पट्ट्यात कुठेही, जिथे पॉलिमरेज रेंगाळेल तिथे. जेलवर हे डोळ्यांना दिसतं. इंट्रिन्सिकचे दोन-तीन ठसठशीत बँड येतात, रोची लांबलचक शिडी.

सूक्ष्मदर्शी

काका, trp चं ठीक आहे. पण मग trp च्या एमआरएनएचं टोक पेशीत trp t′ ला मिळायला हवं होतं. माझ्या आठवणीप्रमाणे ते trp t ला मिळतं. म्हणजे पेशीत खरं थांबणं हेअरपिनवरच. नळीतले २५ टक्के म्हणजे नळीचा दोष. पेशीत नुसए हे प्रथिन आहे, ते हेअरपिनला मदत करतं.

जुना_बाक

टोक trp t ला मिळतं हे अगदी बरोबर. नुसए मदत करतं हेही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि मृण्मयीचा गुंता नेमका हाच आहे.

रोने trp t′ ला सोडलेल्या आरएनएचं थ्री प्राइम टोक उघडं आणि सैल असतं. पेशीतले आरएनेज टू आणि पीएनपेज हे टोकाकडून कुरतडणारे एन्झाइम त्याला लगेच लागतात. कुरतडत मागे येतात आणि trp t च्या आठ जोड्यांच्या दणकट स्टेमला अडून थांबतात. मागे उरलेला आरएनए टिकाऊ असतो, आणि तोच आपल्या हाती लागतो. मॉट, गॅलोवे आणि प्लॅट यांनी १९८५ मध्ये हे मांडलं. त्या हेअरपिनचं इथलं मुख्य काम पॉलिमरेज थांबवणं नाही, आरएनएला बूच लावणं आहे.

२०१८-१९ मध्ये जीनोमभर टोकं मोजणाऱ्या अभ्यासांतही रोवर अवलंबून असलेल्या बऱ्याच आरएनएंची टोकं अशीच मागे, हेअरपिनपर्यंत कातरलेली दिसली. गॅलॅक्टोज ऑपेरॉनचीही तीच कथा.

तेव्हा मृण्मयी, तुझा टोकाचा डेटा आणि बायसायक्लोमायसिनचा डेटा एकमेकांच्या विरोधात नाहीत. एक सांगतो आरएनए कुठे टिकला, दुसरा सांगतो पॉलिमरेज कुठवर गेला.

मृण्मयी_प

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण सूक्ष्मदर्शी यांचा आक्षेपही मला खोटा वाटत नाही. औषधामुळे शेजारून ट्रान्स्क्रिप्शन वाहत आलं असेल तर ते वेगळं कसं काढायचं?

जुना_बाक

तो आक्षेप योग्यच आहे. रो अडवला की ई. कोलायमध्ये जिथे तिथे अँटिसेन्स ट्रान्स्क्रिप्शन उफाळतं. म्हणून नुसता पुढचा सिग्नल बघू नकोस. एक जोडी जीनच्या आत, एक हेअरपिनच्या पुढे, आणि दोघींचं गुणोत्तर काढ. सीडीएनए करताना रँडम हेक्सामर नकोत, एकाच दिशेचा आरएनए पकडणारा प्रायमर घे. आणि आपला प्रमोटर बंद केलेला कंट्रोल हवाच. प्रमोटर बंद असतानाही औषधाने पुढचा सिग्नल वाढला, तर पाहुणा शेजारचा.

दुसरा रस्ता रोचा अर्धवट लुळा म्युटंट. ई. कोलायमध्ये रो पूर्ण काढता येत नाही, पेशी मरते. पण rho15 सारखे तापमानाला हळवे म्युटंट आहेत. औषध आणि म्युटंट एकच सांगत असतील तर औषधाचा वेगळा उपद्रव बराचसा वगळता येतो.

क्लोनिंगवाला_पुणे

विषयांतर होत असेल तर माफ करा, पण माझ्या डोक्याला हाच ताप आहे असं आता वाटायला लागलंय. ई. कोलायच्याच पॉलिमरेजवर चालणारा दोन जीनचा ऑपेरॉन बनवला. पहिलं प्रथिन बंद करायचं म्हणून त्याच्या सुरुवातीच्या भागात एक स्टॉप कोडॉन घातला, बाकी एक बेस हलवला नाही. दुसऱ्या जीनचं प्रथिनही जवळपास गायब! आम्ही दुसऱ्या जीनची रायबोसोम बसायची जागा बदलत बसलो, काही फरक नाही. मध्ये एकही हेअरपिन नाही, सॉफ्टवेअरने तपासलंय.

जुना_बाक

विषयांतर कसलं, हे तर रोचं सगळ्यांत जुनं लक्षण. याला पोलॅरिटी म्हणतात. रायबोसोम तुझ्या नव्या स्टॉपवर उतरला, पुढचा सगळा आरएनए उघडा पडला, रो चढला, आणि पॉलिमरेज दुसऱ्या जीनपर्यंत पोचलाच नाही. सॉफ्टवेअर हेअरपिन आणि यू शोधतं. रोच्या जागेला तसा ठरीव क्रम नाही, म्हणून तुझ्या जीनच्या पोटात अशा जागा असूनही त्याला दिसणार नाहीत. एरवी त्या रायबोसोमच्या खाली झाकलेल्या असतात.

दुसऱ्या जीनचा एमआरएनए मोज. तोच कमी झालेला असेल तर रायबोसोम बसायच्या जागेशी खेळण्यात अर्थ नाही. स्टॉप जीनच्या शेवटाकडे सरकवून बघ. उघडा पट्टा आखूड झाला की परिणाम बहुधा सौम्य होतो.

क्लोनिंगवाला_पुणे

एमआरएनए मोजला नव्हता. मोजतो. म्हणजे रायबोसोम असताना इंट्रिन्सिकही थांबणार नाही?

जुना_बाक

हेअरपिनवरूनच रायबोसोम जात असेल तर ती वळणार नाही. अ‍ॅटेन्युएशनमध्ये रायबोसोमची जागाच ठरवते कुठली हेअरपिन वळायची. पण जीनच्या पुढे असलेल्या साध्या टर्मिनेटरला वर ट्रान्सलेशन चालू आहे की नाही याचं फारसं सोयरसुतक नसतं. रोला असतं.

हैदराबादी_मराठी

एक भर घालते. हे सगळं ई. कोलायपुरतं खरं, जंतू बदलला की हिशेब बदलतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये रो काढून टाकला तरी तो जगतो. तिथे पॉलिमरेज रायबोसोमला मागे टाकून पळतो, उघडा आरएनए ही रोजचीच गोष्ट आहे, आणि कारभार मुख्यतः इंट्रिन्सिकवर चालतो. आमच्या क्षयाच्या जंतूत मात्र रो काढला की तो मरतो. त्यातली गंमत म्हणजे त्याच्या रोवर बायसायक्लोमायसिन चालत नाही. औषध जिथे बसतं तिथला एक अमिनो आम्ल वेगळा आहे, ल्युसीनच्या जागी मेथिओनीन. त्यामुळे मृण्मयीचा प्रयोग आम्ही तसाच्या तसा करू शकत नाही, रोची पातळी उतरवणारे स्ट्रेन बनवावे लागतात.

आणि यू मोजण्याबद्दल. मायकोबॅक्टेरियात यूंची रांग नसलेल्या हेअरपिनसुद्धा टर्मिनेटर म्हणून चालतात, असं बंगळूरच्या आयआयएससीमधल्या नागराज यांच्या गटाने मांडलं. २०१४ मध्ये लँडिक यांच्या गटाने शुद्ध मायकोबॅक्टेरियल पॉलिमरेज घेऊन म्हटलं की यू लागतातच, आणि कमजोर टर्मिनेटरला नुसजी हे प्रथिन हात देतं. काकांचा 'आधी यू मोजा' हा नियम आमच्याकडे डोळे मिटून लावू नये.

सूक्ष्मदर्शी

म्हणजे यू नसलेल्या हेअरपिनपाशी टोक सापडलं, तर तेही कुरतडून झालेलं असू शकतं की!

हैदराबादी_मराठी

असू शकतं, आणि म्हणूनच टोकांच्या नुसत्या यादीवरून मी हा वाद निकालात काढणार नाही. पण नळीतल्या प्रयोगात कुरतडणारे एन्झाइम नसतात. तिथला मतभेद वेगळा आहे, आणि माझ्या मते तो अजून मिटलेला नाही.

नेट_देतोय

काका, रो आरएनएवर चढून मागून धावत जातो आणि पॉलिमरेजला गाठतो, असं क्लासमध्ये शिकवलं. पण एका व्याख्यानात ऐकलं की तो आधीपासूनच पॉलिमरेजवर बसलेला असतो. परीक्षेत काय लिहू?

जुना_बाक

परीक्षेत धावणारा लिही, गुण त्यालाच आहेत.

खरं विचारशील तर रो एटीपी खर्चून आरएनएवर फाइव्ह प्राइमकडून थ्री प्राइमकडे सरकतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पॉलिमरेजची आणि त्याची भेट कधी होते याचा. २०१० मध्ये नडलर यांच्या गटाने म्हटलं की तो सुरुवातीपासून पॉलिमरेजला चिकटलेला असतो आणि आतून त्याचा आकार बिघडवतो. २०२१ मध्ये क्रायो-ईएमची चित्रं आली, त्यात रोचं कडं अजून उघडं आहे आणि तो नुसए, नुसजीच्या संगतीने पॉलिमरेजवर बसलेला आहे. मग २०२३ मध्ये एब्राइट यांच्या गटाचं चित्र आलं. त्यात कडं बंद आहे, आरएनए कड्याच्या भोकातून ओवलेला आहे, आणि नुसजी दोघांमधला दुवा आहे. हे चित्र सरकणाऱ्या रोच्या बाजूचं.

हैदराबादी_मराठी

मी बसलेल्या रोच्या बाजूची. पेशीत पॉलिमरेज सेकंदाला चाळीस-पन्नास बेस चालतो. उशिरा चढलेला रो त्याला गाठणार कधी?

जुना_बाक

पॉलिमरेज सारखा थबकतो, तेव्हा गाठतो. थांबे नेमके थबकण्याच्या जागीच का सापडतात, याचं सोपं उत्तर मला त्यातच दिसतं. दोन्ही रस्ते चालत असतील हेही शक्य आहे, कुठल्या जीनवर कुठला ते सांगता येत नाही.

मृण्मयी_प

सगळ्यांचे आभार. गाईडना trp ची गोष्ट सांगितली, ते म्हणाले, "मग नळीत दाखव." प्रमोटर बंद केलेला कंट्रोल झाला. त्यात औषध देऊनही पुढचा सिग्नल वाढत नाही, म्हणजे वाहत आलेलं ट्रान्स्क्रिप्शन आमच्याच प्रमोटरचं. आता शुद्ध पॉलिमरेज, रो असलेली एक लेन आणि नसलेली एक लेन, असं ठरवतेय. दोन्ही लेनमध्ये हेअरपिनचा बँड आला तर काय समजू?

जुना_बाक

समज की हेअरपिन थोडं काम करतेय, trp t सारखंच. मग त्या बँडमध्ये एकूण आरएनएचा किती हिस्सा आहे ते मोज. रो नसलेल्या लेनमध्ये उरलेला सगळा आरएनए साच्याच्या टोकापर्यंत गेलेला दिसेल, रो असलेल्या लेनमध्ये त्याची पुढे शिडी होईल. हेअरपिनची खात्री हवी असेल तर जीटीपीऐवजी आयटीपी घाल. स्टेम ढिला पडतो आणि हेअरपिनचा बँड उतरतो. रोची खात्री हवी असेल तर हेअरपिनच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्याला जुळणारा डीएनए ऑलिगो घाल, रोला चढायला जागा उरत नाही आणि शिडी जाते. ऑलिगो घालताना पॉलिमरेजच्या तयारीत आरनेज एच नाही ना, ते बघ. असेल तर तो आरएनए नेमका तिथेच कापेल आणि नवाच बँड दिसेल.

सूक्ष्मदर्शी

बफरमध्ये मीठ कमी ठेव. रो पन्नास मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडच्या आसपास खुश असतो. नेहमीच्या दीडशेच्या बफरमध्ये काहीच दिसलं नाही तर लगेच "रो नाही" असं लिहू नकोस. नाहीतर मग नुसजी घाल. मला अजूनही वाटतं की तुझी हेअरपिन चारातल्या एकाहून जास्त पॉलिमरेज थांबवेल. बघू.

मृण्मयी_प

साचा पीसीआरने केलाय, हेअरपिनच्या पुढे १२० बेस आहेत.

जुना_बाक

कमी आहेत. trp t′ अडीचशेवर आहे हे विसरू नकोस. १२० वर साचा संपला तर रोला चढून पॉलिमरेजपर्यंत पोचायच्या आतच पॉलिमरेज टोकावरून उतरून जाईल, आणि दोन्ही लेन सारख्याच दिसतील. पुढचा प्रायमर निदान चारशेवर ने.

मृण्मयी_प

नवीन प्रायमर मागवलाय. जेल झालं की इथेच टाकते.